पाणी बंद, पंखा चालू

सुखदेव रामटेके कुणाच्याही घरात शिरले की आधी खिडक्यांकडे बघत, माणसांकडे नंतर. वारा कुठून येतो आणि कुठून जातो हे कळल्याशिवाय ते चहाचा कप हातात घेत नसत. नागपुरात, कामठी रोडला, इंदोऱ्याच्या चौकाच्या जरा अलीकडे त्यांचं कूलरचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी पत्रे कापले, पाती बसवली, पंप दुरुस्त केले. कूलरच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्यांत लाकडाच्या बारीक सालपटांचं गवत भरायचं काम मात्र त्यांच्या बायकोचं, नीलाबाईंचं. ते गवत बोटांना कापायचं. मार्च ते जून नीलाबाईंच्या बोटांवर हळद लावलेली असायची. आणि त्याच मार्च ते जूनमध्ये सुखदेव घरी नसायचे. लोकांच्या घरी लोकांची पोरं गार वाऱ्यात झोपावीत म्हणून ते सायकलवरून, नंतर स्कूटरवरून, भर दुपारी फिरायचे.

आपलं पोरगं दुपारी कसं झोपतं, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

नीलाबाई जाऊन चार वर्षं झाली. दुकान भाच्याला दिलं. आणि या जून महिन्यात सुखदेव नव्वद दिवसांचा व्हिसा घेऊन जर्मनीत, र्युसेल्सहाइमला, मुलाकडे आले. मुलगा यशपाल तिथल्या कार कंपनीत इंजिनीयर. सून हर्षा पुण्याची, माइंत्सच्या एका संशोधन संस्थेत काम करणारी. आणि नात उर्जा, आठ महिन्यांची, दोन दात, भरपूर आवाज.

बोलावण्यामागे हिशेब सरळ होता. उर्जाला पाळणाघरात, म्हणजे तिथल्या कीटात, एक सप्टेंबरपासून जागा मिळाली होती. हर्षाची रजा मात्र जूनअखेर संपत होती. मधले दोन महिने आजोबा. यशपालने फोनवर विचारलं होतं, "जमेल का बाबा?" सुखदेव म्हणाले होते, "काहून नाही जमणार? लेकरू आहे ते, ट्रान्सफॉर्मर थोडीच आहे."

हर्षाला मात्र खात्री नव्हती. ती उर्मट नव्हती. सासऱ्यांना "अहो बाबा, तुम्ही बसा" म्हणणारी, त्यांच्यासाठी वेगळी तिखट भाजी करणारी मुलगी. पण तिने पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला विचारलं होतं, आणि भिंती पातळ असल्यामुळे सुखदेवांनी ते ऐकलं होतं.

"यश, त्यांनी तुला कधी झोपवलं होतं का रे?"

"आई झोपवायची."

"मग?"

"मग काय. शिकतील."

"उर्जावर शिकणार का?"



सगळं अडायचं ते दुपारच्या झोपेवर. खाणं-पिणं सुखदेवांनी आठ दिवसांत उचललं. गाजराचा लगदा, दुधाची बाटली, लंगोटाऐवजी चिकटपट्टीचं डायपर, सगळं. पण साडेबारा ते अडीचची झोप हर्षाच्या हाताशिवाय होत नव्हती. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर उतरणारी विमानं या गावावरून जात. वाऱ्याची दिशा तशी असली की दर तीन मिनिटांनी एक. हर्षाने उर्जाच्या पलंगाच्या कठड्याला एक कापडी हत्ती अडकवला होता. बटण दाबलं की तो सतत 'श्शऽऽ' असा आवाज करायचा. विमानं वाढली की हर्षा हत्तीचा आवाज वाढवायची.

"याले काय म्हणते?" सुखदेवांनी विचारलं होतं.

"व्हाइट नॉइज, बाबा. एकसारखा आवाज असला की मधले आवाज टोचत नाहीत."

सुखदेवांनी हत्तीला उलटंपालटं करून बघितलं आणि परत अडकवून ठेवलं. एकसारख्या आवाजाचं त्यांना कुणी सांगायला नको होतं. उन्हाळ्यात लाइट गेली की अख्खी वस्ती जागी व्हायची, ती उकाड्याने नाही. कूलरचा आवाज थांबल्यामुळे. उकाडा कळायला पाच मिनिटं लागायची. आवाज गेलेला लगेच कळायचा.

जूनच्या शेवटी ऊन चढलं. एकतीस, तेहेतीस. रोज संध्याकाळी ढग यायचे, थोडं गडगडायचं, चार थेंब पडायचे आणि दुसऱ्या दिवशी हवा अंगाला चिकटायची. घर दुसऱ्या मजल्यावरचं, एसी नाही, छताला पंखा नाही. छताला पंखा नसलेलं घर सुखदेवांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं. यशपालने बाजारातून एक उभा पंखा आणला होता, तोही शेवटचा उरलेला.

"बाबा, गुरुवारी मला अर्धा दिवस ऑफिसला जायचंय," हर्षा म्हणाली. "बारा ते चार. सोमवारी रुजू व्हायच्या आधी एकदा बघूया, तुमचं आणि तिचं कसं जमतं."

ती 'बघूया' म्हणाली. सुखदेवांना कळलं, ही परीक्षा आहे.

परीक्षेला माणूस आपल्याला सगळ्यात चांगलं जे येतं ते घेऊन जातो. बुधवारी संध्याकाळी ते मुलाला घेऊन बाउमार्क्टला, म्हणजे हत्यारं-सामानाच्या मोठ्या दुकानात गेले. झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, मासे ठेवायच्या टाकीचा छोटा पंप, नळी, जाळी. लाकडी गवत कुठे मिळणार हा प्रश्न होता. ते सशांच्या पिंजऱ्यात घालायला पिशवीतून विकत मिळतं हे बघून सुखदेव मोठ्याने हसले.

"नीलाले सांगायला पाहिजे होतं. म्हणे ससे झोपते याच्यावर."

"आईचे हात आठवतात, बाबा," यशपाल म्हणाला.

रात्रीच्या जेवणाआधी कूलर उभा राहिला. डब्याच्या एका बाजूला पंखा, बाकीच्या बाजूंना गवत, वरून ठिबकणारं पाणी. यशपालने गवताला नाक लावलं. ओल्या लाकडाचा तो वास. चौतीस वर्षांच्या माणसाचा चेहरा क्षणभर आठ वर्षांचा झाला. हर्षाने दारातून बघितलं आणि विचारलं, "हे सेफ आहे ना? पाणी आणि वायर?"

"वायर वर बांधली आहे, बेटा. चाळीस वर्षं हेच केलं."

गुरुवारी बाराला हर्षा गेली. सुखदेवांनी उर्जाला भरवलं, बदललं आणि मग आपल्या पेटीतून एक पुडी काढली. पांढऱ्या मऊ कापडाचं टोपडं. यशपालसाठी नीलाबाईंनी शिवलेलं, गळ्याशी बांधायच्या नाड्या असलेलं. ते त्यांनी नागपूरहून कापराच्या वड्या घालून आणलं होतं. कूलरचा वारा थेट लागतो, लेकराचे कान झाकलेले पाहिजेत. हे नीलाबाई दर उन्हाळ्यात सांगायच्या. टोपडं घातलं. लांब बाह्यांचं झबलं घातलं. पायांवर पातळ दुपटं टाकलं. खिडकीची पट्ट्यांची झडप, तिथे तिला रोलाडन म्हणतात, ती त्यांनी वर ओढली आणि खिडकी सताड उघडली. कूलरला मागे उघडी खिडकी लागते. बंद खोलीत कूलर लावला की खोलीचं तळं होतं. हे ते गिऱ्हाइकाला दर वर्षी सांगत. कूलर खिडकीत ठेवला, तोंड पलंगाकडे, पंप सुरू.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग उर्जा कुरकुरू लागली. विमान गेलं, ती दचकली. सुखदेवांनी पाणी वाढवलं. खिडकीतून ऊन थेट पलंगावर येत होतं म्हणून त्यांनी कठड्यावर चादर टाकली. उर्जा रडायला लागली. उचललं की थांबायची, ठेवलं की परत. त्यांनी तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, नीलाबाई म्हणायच्या त्या अंगाईच्या ओळी आठवायचा प्रयत्न केला. पहिलीच्या पुढे आठवेना. हाताला तिचे पाय गार लागत होते, म्हणून त्यांनी दुपटं तिच्याभोवती आणखी घट्ट गुंडाळलं.

हर्षा पावणेचारला आली. खोलीत पाऊल टाकल्यावर ओली, चिकट हवा तिच्या अंगाला लागली.

उर्जा आजोबांच्या खांद्यावर लालबुंद होऊन हुंदके देत होती. हर्षाने तिला घेतलं, मानेमागे दोन बोटं घातली आणि टोपड्याच्या नाड्या सोडल्या. टोपडं पिळून निघेल इतकं ओलं. झबलं काढलं. मानेवर, काखेत, गळ्याच्या घडीत बारीक लाल पुरळ. तिने बाळाला दुसऱ्या खोलीत नेलं, कोमट पाण्याच्या कपड्याने पुसलं, टिपून कोरडं केलं, ताप मोजला. सदतीस पूर्णांक तीन. अंगावर पाजलं. दहा मिनिटांत उर्जा नुसत्या डायपरवर आईच्या हातावर झोपली.

सुखदेव दारात उभे होते. हातात पावडरचा डबा.

"घामोळ्यांवर हे..."

"नको बाबा. डॉक्टर पावडर नको म्हणतात, श्वासात जाते. उघडं आणि कोरडं राहिलं की बसेल ते."

"पाय गार लागत होते तिचे."

"बाळांचे हातपाय गारच लागतात. मान बघायची असते."

ती चिडून बोलली असती तर सुखदेवांना बरं वाटलं असतं. पण ती दमल्यासारखी बोलली. बाळाच्या खोलीत घड्याळासारखं एक छोटं यंत्र असायचं, ते तिने त्यांना आणून दाखवलं. तापमान एकोणतीस. खाली दुसरा आकडा, हवेतल्या ओलाव्याचा. ब्याऐंशी.

संध्याकाळी स्वयंपाकघरात यशपाल आणि ती हळू बोलत होते.

"सोमवारी ऑफिसात सांगते, सप्टेंबरला येते. प्रोजेक्ट दुसऱ्याला देतील, देऊ देत."

"हर्षा, एक दिवस झालाय फक्त."

"एक दिवसात एवढं पुरळ. मी माइंत्सला बसून कॅमेऱ्यात बघत बसू का? मला नाही जमणार."

"ते मुद्दाम..."

"मला माहितीये रे मुद्दाम नाही. म्हणून तर बोलता येत नाही."

सुखदेवांनी पंपाची वायर काढली, डबा पुसला आणि ओलं गवत पिशवीत भरून खाली कचऱ्यात टाकायला नेलं. कचऱ्याचे चार रंगांचे डबे. कुठल्यात टाकायचं हे न कळल्यामुळे ते बराच वेळ पिशवी धरून उभे राहिले. शेवटी तळमजल्यावरच्या फ्राऊ लोरेंत्स नावाच्या म्हाताऱ्या बाई आल्या, पिशवीत डोकावल्या, तपकिरी डब्याचं झाकण त्यांनी उचलून धरलं. मग वर बोट करून, सुखदेवांच्या उघड्या खिडकीकडे दाखवून, त्या जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या. दोन्ही तळहात एकावर एक मिटून दाखवले. सुखदेवांना वाटलं, त्या झोपेबद्दल बोलताहेत. त्यांनी मान हलवली.

शुक्रवारी त्यांना पहाटे पाचला जाग आली. सवयीने त्यांनी बाल्कनीत वाळत घातलेलं बनियन काढायला हात घातला. ते ओलं होतं. आदल्या संध्याकाळी सहाला घातलेलं, अकरा तास होऊन गेले होते.

नागपुरात मे महिन्यात धुतलेला टॉवेल चहा होईपर्यंत वाळायचा. नीलाबाई म्हणायच्या, "दोरीवर टाकेपर्यंतच वाळते, उचलायचा दुसरा हेलपाटा वाचते."

सुखदेव ते बनियन हातात घेऊन खुर्चीवर बसले. आणि त्यांना कामठी रोडवरचा प्रत्येक जून आठवला. मिरग लागला की दुकानात तक्रारींची रांग लागायची. "रामटेकेजी, कूलर बिघडला. काल बरा होता, आज खोली चिकचिक करून राहिली." ते घरोघर जायचे, काही न उघडता पंपाचं बटण बंद करायचे आणि एकच वाक्य बोलायचे, "पाणी बंद, पंखा चालू. कूलर नाही बिघडला, हवा बदलली." पाणी उडून जातं तेव्हा गारवा येतो. हवा आधीच पाण्याने भरली असेल तर पाणी उडून जाणार कुठे? हे त्यांनी चाळीस वर्षं शहाण्यासुरत्या माणसांना समजावलं होतं. बँकेच्या मॅनेजरला, हेडमास्तरांना. आणि इथे, पाऊस दिसत नाही, ऊन कडक आहे, एवढ्यावरून त्यांनी या हवेला मे महिना समजलं होतं.

"मूर्ख माणूस," ते स्वतःला म्हणाले, आणि थोडं हसलेही.

मग समोर बघितलं. समोरच्या इमारतीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, पडदे आत-बाहेर हलत होते. फ्राऊ लोरेंत्सही खाली आपली बाल्कनी उघडून उभ्या होत्या. सुखदेव तिथेच बसून राहिले. साडेसात झाले, आठ झाले. ऊन भिंतीवर चढायला लागलं तशा एकेक खिडक्या बंद झाल्या, एकेक झडप खाली आली. नऊ वाजता अख्खी इमारत डोळे मिटून बसली. पहिल्या आठवड्यात हे बघून त्यांनी यशपालला विचारलं होतं, "समोर कोणी वारलं का रे?" आता त्यांना फ्राऊ लोरेंत्सचे मिटलेले हात आठवले. त्या झोपेबद्दल बोलत नव्हत्या. खिडकी मिटा म्हणत होत्या.

नाश्त्याला ते हर्षाला म्हणाले, "बेटा, उद्या शनिवार. तू घरीच आहे. मले एक दुपार दे. तू बाहेरच्या खोलीत बस, वाटलं तर मधात ये, थांबव मले. जमलं नाही तर सोमवारी तुले जे सांगायचं ते सांग. मी एका शब्दानं बोलणार नाही."

हर्षाचा चमचा थांबला. आपलं स्वयंपाकघरातलं बोलणं त्यांनी ऐकलं, हे तिला कळलं आणि तिचे कान लाल झाले.

"कूलर?"

"पाणी बंद," सुखदेव म्हणाले.

शनिवारी पहाटे पाचला त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. उर्जा आईबापांच्या खोलीत होती, म्हणून तिची खोली मोकळी होती. पंखा त्यांनी खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवला. यशपाल डोळे चोळत आला.

"बाबा, उलटा लावला."

"उलटाच पाहिजे. रात्रीची कोंडलेली गरम हवा बाहेर फेकायची, समोरच्या खिडकीतून गार हवा आपोआप येते. एग्झॉस्ट. तू इंजिनीयर आहे ना?"

"मी गाड्यांच्या ब्रेकमध्ये आहे, बाबा. हवेत नाही."

आठाला खिडकी बंद. रोलाडन शेवटच्या पट्टीपर्यंत खाली. खोलीत अंधार झाला, भर सकाळी. ऊन काचेच्या आतल्या पडद्यावर अडवून उपयोग नाही, तोपर्यंत ते घरात आलेलं असतं. ते काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे. दार मात्र त्यांनी बोळाकडे उघडं ठेवलं. पलंगातून दुपटं काढलं, उशीसारखं काही नव्हतंच, एक घट्ट बसवलेली सुती चादर तेवढी ठेवली. कठड्यावर काही टाकायचं नाही, हे त्यांनी स्वतःलाच बजावलं. परवा टाकलेली ती चादर त्यांना आठवली. वरून झाकलेल्या पलंगात हवा कुठून खेळणार? चाळीस वर्षं हवेचं काम केलेल्या माणसाने तंबू बांधला होता.

मग आला हत्ती.

"बेटा, हा डोक्याशी नको," ते म्हणाले. "माझ्या एका कानाले पंख्याच्या पात्यांच्या आवाजानं कमी ऐकू येते. दुकानात आयुष्य गेलं, म्हणून मले माहीत आहे."

"पण तो बाळांसाठीच असतो."

यशपालने फोनवर आवाज मोजायचं काहीतरी उघडलं आणि फोन पलंगात, उर्जाचं डोकं असतं तिथे ठेवला. हर्षाने हत्ती रोजच्याइतका मोठा केला.

"अडुसष्ट डेसिबल," यशपाल म्हणाला. "पन्नासच्या आत पाहिजे, नाही का?"

 हत्तीकडे हर्षाने असं बघितलं, जसं शेजारणीबद्दल काहीतरी कळल्यावर माणूस शेजारणीकडे बघतो.

"विमानं होती म्हणून मी वाढवत गेले," ती हळू म्हणाली.

"चुकते, बाई. माह्यापेक्षा कमीच चुकलं," सुखदेव म्हणाले. पुरळ आता जवळजवळ गेलं होतं, तरी त्यांनी तिकडे बघून मान वळवली.

त्यांनी डबा परत आणला. गवत नाही, पाणी नाही, पंप नाही. नुसती पोकळ पेटी आणि तिच्या तोंडाशी पंखा. पेटी त्यांनी दाराजवळ, पलंगापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ठेवली, पलंगाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. वायर कपाटामागून नेऊन वर बांधली. मधल्या वेगावर बटण लावलं. भिंतीवर आपटलेला वारा पसरून मंद झाला आणि खोलीभर फिरू लागला. पलंगाशी हात धरला तर वारा म्हणून काही लागत नव्हतं, हवा थांबलेली नाही एवढंच कळत होतं. आणि पोकळ डब्यातून एक जाड, घुमणारा, न बदलणारा आवाज येऊ लागला.

यशपाल फोन धरून उभा होता. "त्रेचाळीस," तो म्हणाला. मग फोन खाली घेतला.

साडेबाराला हर्षाने उर्जाला आणलं. बाहेर चौतीस, खोलीत साडेसव्वीस. सुखदेवांनी तिला बिनबाह्यांचं पातळ सुती बनियन घातलं, खाली डायपर, बस. टोपडं घडी करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेलं होतं. त्यांचा हात एकदा तिकडे गेला, परत आला.

हर्षा बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. लॅपटॉप उघडला, पण तिला एक ओळ वाचता येईना. बोळातून तिला उघडं दार दिसत होतं आणि दारात अंधार. यशपाल आत भिंतीशी जमिनीवर आडवा झाला होता. "खाली हवा कशी आहे बघतो," असं सांगून.

सुखदेवांनी नातीला खांद्यावर घेतलं, दोन फेऱ्या मारल्या, आणि झोप लागायच्या आधीच पाठीवर खाली ठेवलं. उर्जाने पाय झाडले. अंधारात कुणाचा चेहरा दिसेना, म्हणून जरा कुरकुरली. सुखदेवांनी तळहात तिच्या छातीवर हलका ठेवला. विमान आलं. त्या घुमणाऱ्या आवाजाच्या पोटात ते कुठेतरी बुडालं. उर्जाचे पाय एकदा हलले. मग एकच पाय. मग नाही.

त्यांनी मानेमागे दोन बोटं नेली. कोरडी, कोमट. हात काढून घेतला आणि तसेच वाकून उभे राहिले. कंबर दुखत होती, पण हलायचा धीर होईना.

तेव्हा त्यांना दुसरा श्वास ऐकू आला. जाड, थोडा घोरणारा. डोळे अंधाराला सरावले होते. यशपाल जमिनीवर कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन, एक हात गालाखाली ठेवून झोपला होता. तोंड किंचित उघडं. दाढीत थोडे पांढरे केस होते.

नीलाबाई जेवताना सांगायच्या ते आठवलं. "तुमचा पोट्टा कूलरसमोर अस्सा गोळा होऊन झोपते, हात गालाखाली घेऊन. एकदा तरी दुपारी घरी येऊन पाहा." ते म्हणायचे, "सीझन संपू दे." सीझन संपायचा तेव्हा शाळा सुरू झालेली असायची.

सुखदेव हळूच खाली बसले, पलंग आणि मुलगा यांच्या मधल्या जागेत, पाठ भिंतीला लावून. एकीकडे कठड्यातून नातीचं पोट वरखाली होताना दिसत होतं, दुसरीकडे मुलाचे तळपाय. तळपायाला वारा लागत होता. एरवी त्या पायांवर त्यांनी काहीतरी पांघरलं असतं. पण आज कुणावरच काही टाकायचं नव्हतं.

पाऊण तासाने हर्षा अनवाणी दारात आली. तिने आत बघितलं. बाळ झोपलेलं, नवरा झोपलेला, सासरे मधे जागे बसलेले, दोन्ही हात मांडीवर ठेवून, रेल्वेच्या फलाटावर सामानाजवळ बसावं तसे. ती आत येऊन पलंगाशी वाकली. मानेमागे तिने बोटं नेली, तशीच दोन. मग आकडे दाखवणारं यंत्र बघितलं. सत्तावीस. अठ्ठावन्न.

तिने सासऱ्यांकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "पाणी हवंय का, बाबा?"

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग यशपालकडे बोट दाखवून कुजबुजले, "याले उठवू नको. चारले उठवतो मी."

"तो दुपारी कधीच झोपत नाही."

"झोपते," सुखदेव म्हणाले.

उर्जा दोन तास दहा मिनिटं झोपली. उठली तेव्हा हसत उठली आणि जमिनीवरच्या बापाच्या दाढीला हात घालू लागली. चहाच्या वेळी हर्षाने फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक कागद लावला. त्यावर मराठीत लिहिलं होतं: दूध सव्वाबारा. डॉक्टरांचा फोन. माझा फोन. यशचा फोन. तिने तो कागद लावताना सुखदेवांकडे बघितलं नाही, पेन झाकणात घालत म्हणाली, "सोमवारी मी पावणेआठची गाडी पकडेन. तुम्ही रोलाडन तोपर्यंत खाली घेता ना?"

"आठले घेतो. आठपर्यंत हवा गार असते."

"गेनाऊ, अगदी बरोबर," यशपाल चहा ओतताना म्हणाला. "आता कंपनीलाच सांगतो, बाबांना घ्या म्हणून."

"चूप," सुखदेव म्हणाले. "चहात साखर टाक."

रविवारी सकाळी त्यांनी टोपडं साबणाने हाताने धुतलं आणि बाल्कनीत, सावलीत, दोन चिमटे लावून वाळत घातलं. संध्याकाळी हात लावून बघितलं. ओलसरच होतं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. घाई नव्हती. थंडी ऑक्टोबरात पडते म्हणतात इथे. तेव्हा ते स्वतः नागपुरात असतील, पण टोपडं इथेच राहणार होतं.